स्पर्धा परीक्षेची वर्षे आधी विचारा, मग नकार द्या: भरती करणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण आणि रांजणगाव परिसरातल्या खासगी कंपन्यांचे मनुष्यबळ विभागप्रमुख,
तसेच त्यांच्यासाठी उमेदवार शोधणाऱ्या कन्सल्टन्सी

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या क्वालिटी विभागात दोन जागा भरायच्या होत्या. कन्सल्टन्सीने उमेदवारांची यादी पाठवली आणि सोबत मेसेज आला: "दोन वर्षांवर गॅप असलेले आणि एमपीएससी-यूपीएससी बॅकग्राउंडचे प्रोफाइल आम्ही आधीच काढलेत, तुमचा वेळ वाचावा म्हणून." अशी अट आमच्याकडून कुणीही घातली नव्हती. मी फोन करून विचारलं तेव्हा समोरच्या मुलीने अगदी सहज सांगितलं, "मॅडम, सगळ्याच क्लायंटना तेच हवं असतं, म्हणून आम्ही विचारतही नाही."

त्या "विचारतही नाही" साठी हे पत्र लिहिते आहे.

मी रांजणगाव एमआयडीसीतल्या एका अन्नप्रक्रिया कंपनीत क्वालिटी डॉक्युमेंटेशन बघते. मुलाखतीच्या पॅनलवरही बसते. त्याआधीची काही वर्षं मी पुण्यात नवी पेठेत राहून राज्यसेवेचा अभ्यास केला. मुख्य परीक्षेपर्यंत पोचले, मुलाखतीच्या यादीत नाव आलं नाही, आणि घरच्यांशी बोलून नोकरी शोधायला लागले. तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या टेबलासमोर बसले आहे. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत, आणि तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती भीती तपासून बघता येते, आणि तुम्ही ती तपासत नाही.

पहिली गोष्ट वर्षांच्या हिशोबाची. उमेदवाराच्या बायोडेटावर 2019 ते 2022 असा रिकामा काळ दिसला की "तीन वर्षं हा मुलगा काय करत होता?" असा प्रश्न तुमच्या मनात येतो. त्या काळातली फक्त एक परीक्षा घ्या. राज्यसेवा 2020 ची जाहिरात डिसेंबर 2019 मध्ये आली. पूर्व परीक्षा 5 एप्रिल 2020 ला ठरली होती. कोरोना आला, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि शेवटी 14 मार्च 2021 ठरली. परीक्षेला तीन दिवस उरले असताना, 11 मार्चला, तीही रद्द झाली. त्या संध्याकाळी नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली होती, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. मग 21 मार्च 2021 ला पूर्व परीक्षा झाली, मुख्य परीक्षा त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि अंतिम निकाल 2022 मध्ये. एका जाहिरातीला, एका प्रयत्नाला, दोन वर्षांहून जास्त काळ लागला. ज्याने एकदाच अर्ज भरला आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत गेला, तोही तुमच्या "दोन वर्षांवर गॅप नको" या चाळणीतून खाली पडतो. आणि जो पूर्व परीक्षेतच बाहेर पडला तो तुलनेने लवकर मोकळा झाला. तुमच्या चाळणीने जास्त पुढे गेलेल्याला जास्त शिक्षा होते, हे एकदा बघा.

कोरोना संपला म्हणून वेळापत्रक सुधारलं असंही नाही. 2024 ची पूर्व परीक्षा 28 एप्रिलला होणार होती. आरक्षणाच्या नव्या तरतुदीमुळे ती पुढे गेली, मग 25 ऑगस्टवर आली. त्याच दिवशी बँकेची परीक्षा असल्याने मुलांनी पुण्यात आंदोलन केलं, आणि शेवटी ती 1 डिसेंबरला झाली. जे निवडले गेले त्यांचंही ऐका. राज्यसेवा 2019 मधून निवड झालेल्या 413 जणांचा निकाल जून 2020 मध्ये लागला आणि त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ ते नियुक्तिपत्राची वाट बघत होते. अधिकारी म्हणून निवड झालेली माणसं घरी बसून होती. त्यांच्यापैकी कुणी त्या काळात तुमच्याकडे अर्ज केला असता तर तुम्ही त्यालाही "गॅप आहे" म्हणूनच परत पाठवलं असतं.

या तारखांवर उमेदवाराचा काहीही ताबा नसतो. अभ्यास चालू ठेवायचा की सोडायचा हा निर्णय त्याचा असतो हे मला मान्य आहे, आणि त्याबद्दल त्याला जरूर विचारा. पण वर्षं मोजताना त्याची किती आणि आयोगाची किती, एवढा फरक तरी करा.

आता तुमच्या ऑनलाइन फॉर्मबद्दल. नोकरीसाठी अर्ज करताना शिक्षण संपल्याचं वर्ष टाकायचं, मग "सध्याची कंपनी", "आधीची कंपनी", "पद", "कधीपासून कधीपर्यंत", आणि या सगळ्या रकान्यांपुढे लाल तारा. तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी अर्ज करत होते तेव्हा एका फॉर्ममध्ये गॅपचं कारण निवडायला यादी होती: वैद्यकीय, कौटुंबिक, उच्च शिक्षण, इतर. स्पर्धा परीक्षा नव्हती. महाराष्ट्रात दरवर्षी लाखो मुलं जी गोष्ट करतात तिला त्या यादीत जागा नव्हती. मी "इतर" निवडलं. पुढे लिहायला जागा नव्हती. थोड्या वेळातच नकाराचा ईमेल आला. तो कुणी माणसाने वाचून पाठवला असेल असं मला वाटत नाही.

अशा फॉर्ममुळे काय होतं ते सांगते, कारण आता मला ते दुसऱ्या बाजूने दिसतं. मुलं खोटं लिहायला शिकतात. मामाच्या दुकानाचा लेटरहेड घेऊन "अकाउंट्स असिस्टंट, तीन वर्षं" असा दाखला तयार होतो. काही जण पैसे मोजून अनुभवाचं प्रमाणपत्र विकत घेतात, आणि ती विकणारी माणसं आहेत हे तुमच्यापैकी कुणाला नवीन नाही. असा बायोडेटा पहिल्या चाळणीत बिनबोभाट पास होतो, खरं लिहिणारा पडतो. मग निवड होते, मुलगा गावी पेढे वाटतो, आणि दीड-दोन महिन्यांनी पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी यूएएन नंबर मागते. पीएफच्या नोंदीत त्या तीन वर्षांत एकही कंपनी नसते, आयकराच्या 26एएस मध्ये एक रुपया पगार दिसत नाही. नोकरी जाते आणि खोटेपणाचा शिक्का कायमचा बसतो. खोटं लिहिणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण ज्या फॉर्ममध्ये खरं लिहिण्याची सोयच नाही, त्याची जबाबदारी फॉर्म बनवणाऱ्याने घ्यायला हवी.

तुमच्या मनातल्या दोन शंका मी पॅनलवर पुन्हा पुन्हा ऐकते. एक, "विषयाचा गंज चढला असेल." दोन, "उद्या जाहिरात आली की पळून जाईल."

पहिल्या शंकेबद्दल एक उदाहरण सविस्तर सांगते. आमच्याकडे परभणी जिल्ह्यातला एक मुलगा मुलाखतीला आला. बी.एस्सी. केमिस्ट्री, 2018 ची बॅच. बायोडेटावर त्यापुढची पाच वर्षं कोरी. कन्सल्टन्सीमार्फत तो आलाच नसता, आमच्या इथल्या एका सुपरवायझरने त्याचा कागद हातात दिला म्हणून आला. मी त्याला पहिल्यांदा "इतकी वर्षं काय केलं?" असं विचारलं नाही, कारण या प्रश्नाला एकच उत्तर येतं, मान खाली घालून "अभ्यास". मी विचारलं, कोणत्या परीक्षा दिल्या आणि प्रत्येकीत कुठल्या टप्प्यापर्यंत गेलास? त्याने सांगितलं, राज्यसेवेची मुख्य परीक्षा दिली, संयुक्त परीक्षेची पूर्व पास झालो, आणि लिपिक-टंकलेखकासाठी टायपिंगची दोन्ही प्रमाणपत्रं आहेत, मराठी 30 आणि इंग्रजी 40. त्याच्या बायोडेटावर यातलं एक अक्षर नव्हतं. टायपिंगचं का लिहिलं नाहीस विचारलं तर म्हणाला, "ते सरकारी नोकरीसाठी असतं ना मॅडम." आमच्या विभागात दिवसभर रेकॉर्ड टाइप करणारा माणूस लागतो.

मग मी विचारलं, तयारीतलं कोणतं काम तुला चांगलं जमायचं? थोडा विचार करून तो म्हणाला, राज्याच्या आर्थिक पाहणीच्या नोट्स मी काढायचो, आमच्या अभ्यासिकेतली सगळी मुलं माझ्याच नोट्स वापरायची. शेकडो पानांचा तो अहवाल तो दरवर्षी वीस-पंचवीस पानांत आणायचा, मागच्या वर्षीचा आकडा शेजारी लिहून. हे काम मी आधीपासून ओळखते म्हणून मला कळलं की हा मुलगा लांबलचक कागद वाचून त्यातलं कामाचं बाजूला काढू शकतो. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पण विचारलंत तर कळेल.

तरीही बोलण्यावर निवड करायची नव्हती. आम्ही त्याला पाऊण तास दिला, तीन पानांची कार्यपद्धती दिली आणि एका बॅचचं भरलेलं रेकॉर्ड दिलं. त्या रेकॉर्डमध्ये मुद्दाम काही चुका ठेवलेल्या असतात. ओलाव्याच्या चाचणीत 5.00 ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये सुकवल्यावर 4.62 ग्रॅम उरला होता आणि ओलावा 8.2 टक्के लिहिला होता. त्याने तिथे पेन्सिलने खूण केली आणि बाजूला लिहिलं: फरक 0.38, त्याला 5.00 ने भागायचं, उत्तर 7.6 टक्के, इथे चुकून सुकलेल्या वजनाने भागलंय. नुसतं चूक आहे असं त्याने लिहिलं नाही, चूक कशी झाली तेही शोधलं. एका ठिकाणी ओव्हनमधून काढल्याची वेळ ओव्हनमध्ये ठेवल्याच्या वेळेआधीची होती, तीही त्याने पकडली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आम्लतेचं टायट्रेशन करायला दिलं तेव्हा मात्र तो अडला. ब्युरेट कसं भरायचं आठवत होतं, शेवटचा थेंब ओळखता आला, पण सायट्रिक ॲसिडसाठीचा 0.064 हा गुणक कुठून येतो ते त्याला सांगता आलं नाही, आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आधी प्रमाणित करून घ्यावं लागतं हे तो विसरला होता.

म्हणजे गंज होता. नेमका कुठे होता तेही कळलं, आणि तो आमच्या केमिस्टने पंधरवड्यात घासून काढला. तो आज डॉक्युमेंटेशनला आहे आणि गरज पडली तर चाचण्याही करतो. याच कसोटीला नुकते पास झालेले, एक दिवसाचाही खंड नसलेले उमेदवार बसले होते. त्यातल्या काहींना 8.2 ची चूक दिसली नव्हती. म्हणून मी म्हणते, पास झाल्याच्या वर्षावरून गंज ओळखता येत नाही, कामाचा तुकडा हातात दिला की तासाभरात ओळखता येतो.

याची मर्यादाही सांगते. तयारीची वर्षं म्हणजे अनुभव असा दावा मी करणार नाही. पंचायत राजची कलमं किंवा 1857 चा उठाव तोंडपाठ असण्याचा आमच्या प्लँटमध्ये उपयोग नाही. वरिष्ठांना उत्तर देणं, शिफ्ट सांभाळणं, लेखापरीक्षकासमोर उभं राहणं हे अभ्यासिकेत शिकायला मिळत नाही. ज्याने मनापासून तयारी केली नाही, नुसता पुण्यात राहिला, असेही आहेत, आणि ते टप्प्यांवरून लगेच लक्षात येतं. पाच वर्षांत एकही पूर्व परीक्षा पास न झालेला आणि मुख्य परीक्षेला बसलेला, या दोघांना तुम्ही एकाच पिशवीत टाकता, तो खरा घोळ आहे. यूपीएससी स्वतःच्या जाहिरातीत लिहिते की पूर्व परीक्षेतून एकूण जागांच्या साधारण 12 ते 13 पट उमेदवार मुख्य परीक्षेला घेतले जातात आणि मुलाखतीला साधारण दुप्पट. राज्यसेवेत मुलाखतीला एका जागेमागे साधारण तीन उमेदवार बोलावतात. मुलाखतीपर्यंत गेलेला उमेदवार लाखोंतून गाळून आलेला असतो आणि तिथूनही निम्म्याहून जास्त लोक रिकाम्या हाती परत येतात, कारण जागाच तेवढ्या असतात. यूपीएससीने तर 'प्रतिभा सेतू' हे पोर्टल सुरू केलं आहे, त्यात मुलाखतीपर्यंत पोचून अंतिम यादीत न आलेल्या आणि माहिती द्यायला तयार असलेल्या उमेदवारांची माहिती नोंदणी केलेल्या कंपन्यांना बघता येते. खासगी कंपन्यांनाही तिथे नोंदणी करता येते. तुमच्यापैकी किती जणांनी केली आहे, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोपवते.

दुसरी शंका, सोडून जाण्याची. ही खरी आहे. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे, त्यामुळे तिशीतल्या उमेदवाराने "आता परीक्षा देणार नाही" असं सांगितलं तरी दार उघडंच असतं. मग करायचं काय? काही कंपन्या मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीची पदवीची मूळ प्रत एका कंपनीने कपाटात ठेवली होती, आणि दुसऱ्या नोकरीच्या तपासणीला ती लागली तेव्हा तिला विनवण्या करत फिरावं लागलं. काही जण "कोणतीही सरकारी परीक्षा देणार नाही" असं लिहून घेतात. यातून माणूस थांबत नाही, लपवायला लागतो. आजारपणाची रजा टाकून परीक्षेला जातो आणि नोटीस न देता निघून जातो.

खरं तर नोकरी सोडून जाणारे सगळ्याच प्रकारचे असतात. आमच्यापेक्षा दोन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या प्लँटमध्ये गेलेले कितीतरी आहेत, त्यांना कुणी आधीच नाकारलं नव्हतं. सरकारी नोकरीकडे जाणाऱ्याचं एक बरं असतं: जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, कागदपत्र तपासणी, नियुक्ती, यात इतके महिने जातात की तुम्हाला बदली माणूस शोधायला पुरेसा वेळ मिळतो, जर त्याने तुम्हाला वेळेवर सांगितलं तर. आणि तो वेळेवर सांगेल की नाही हे तुम्ही पहिल्या दिवशी त्याच्याशी कसं वागलात त्यावर ठरतं. आम्ही विचारतो, एखाद्या परीक्षेचा निकाल बाकी आहे का, पुढची परीक्षा देणार असशील तर कोणती? उत्तर "हो" आलं म्हणून आम्ही कुणाला नाकारलेलं नाही. जे काम शिकायला वर्ष लागतं तिथे अशा उमेदवाराला आम्ही लावत नाही, एवढंच.

कागदपत्रांबद्दलही लिहायलाच हवं. निवड झाल्यावर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागितलं जातं. ते उमेदवार पाचशे रुपयांच्या स्टँप पेपरवर करून आणतो, नोटरीचे पैसे वेगळे. त्यात लिहिलेलं असतं की या काळात मी कुठेही नोकरी केली नाही आणि स्पर्धा परीक्षेची तयारी केली. तोच उमेदवार हातात प्रवेशपत्रं, गुणपत्रकं आणि परीक्षा शुल्काच्या पावत्या घेऊन उभा असतो. प्रवेशपत्रावर त्याचा फोटो, परीक्षेचं नाव, केंद्र आणि तारीख आयोगाने छापलेली असते. आयोगाच्या कागदापेक्षा त्याने स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेला कागद तुम्हाला जास्त भरवशाचा वाटतो, हे मला कधीच समजलेलं नाही. पहिला पगार अजून महिनाभर लांब असलेल्या मुलाला तो खर्च जड जातो.

आणि पगार. अनुभव नाही म्हणून फ्रेशरचा पगार द्या, त्यावर तक्रार नाही. पण "गॅप आहे म्हणून" फ्रेशरपेक्षाही कमी आकडा सांगितला जातो आणि पुढे म्हटलं जातं, "तुम्हाला दुसरीकडे कोण घेणार?" हे वाक्य मला स्वतःला ऐकवलं गेलं आहे. मुलींना त्यापुढे आणखी विचारतात, लग्नाचं काय ठरलंय, तेवढ्यासाठी तर थांबला नव्हता? माझ्या मुख्य परीक्षेचं गुणपत्रक टेबलावर होतं तेव्हाही हे विचारलं गेलं.

म्हणून तुमच्याकडे या मागण्या करते आहे.

तुमच्या अर्जात स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी वेगळा रकाना द्या. त्यात तीन गोष्टी विचारा: परीक्षा कोणती, वर्ष कोणतं, शेवटचा पार केलेला टप्पा कोणता. हा रकाना भरला म्हणून अर्ज आपोआप बाद होणार नाही, अशी व्यवस्था करा.

कॉलेज कॅम्पस सोडून बाकीच्या भरतीत बॅचचं वर्ष आणि गॅपची मुदत या अटी काढा. त्याऐवजी प्रत्येक पदासाठी तासाभराची कामाची चाचणी ठेवा, सगळ्यांना सारखी. तुमच्या कन्सल्टन्सीला हे लेखी कळवा, कारण तुम्ही न सांगितलेल्या अटी त्या तुमच्या नावावर लावत आहेत.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं आणि परीक्षा न देण्याची हमी लिहून घेणं बंद करा. निकाल बाकी आहे का ते स्पष्ट विचारा आणि नोटीस पिरियडवर भिस्त ठेवा.

आयोगाचं प्रवेशपत्र किंवा गुणपत्रक असेल तिथे प्रतिज्ञापत्र मागू नका. तरी हवंच असेल तर खर्च कंपनीने करावा.

त्या पदाला फ्रेशरला जो पगार देता त्यापेक्षा कमी पगार या कारणावरून कुणालाही देऊ नका, आणि नकार देताना कारण एका ओळीत कळवा.

आमच्या बाजूने काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. अभ्यासिकेत अजून बसलेल्या मुलामुलींना मी हेच सांगते, इथे जाहीरपणे सांगते. प्रत्येक परीक्षेचं प्रवेशपत्र, निकालातलं आपलं पान आणि गुणपत्रक त्याच दिवशी डाउनलोड करून जपून ठेवा, कारण संकेतस्थळावर ते ठरावीक मुदतीपुरतंच असतं आणि नंतर हात चोळत बसावं लागतं. बायोडेटावर ती वर्षं कोरी सोडू नका, खोट्या कंपनीने भरूही नका. कोणती परीक्षा, कोणता टप्पा, सोबत कोणती प्रमाणपत्रं मिळवली, शिकवण्या घेतल्या असतील तर किती मुलांच्या, हे चार ओळींत लिहा. "एवढी वर्षं का घालवलीस?" असं विचारलं तर परीक्षेचं वेळापत्रक सांगा आणि थांबायचं कधी व का ठरवलं ते सांगा. ज्या पदासाठी अर्ज करताय त्या विषयाचा कॉलेजचा अभ्यास मुलाखतीआधी पुन्हा उघडा. परभणीच्या त्या मुलाला 0.064 आठवला असता तर त्याची नेमणूक आणखी पंधरा दिवस आधी झाली असती.

सध्या माझ्यापुढे आमची तीच दोन पदं आहेत. कन्सल्टन्सीने काढून टाकलेले प्रोफाइल मी परत मागवले आहेत आणि त्या सगळ्यांना चाचणीला बोलावलं आहे. तुमच्या कंपनीत ही पद्धत सुरू करायची असेल तर आम्ही वापरतो तो बॅच रेकॉर्डचा नमुना, कंपनीचं नाव आणि उत्पादनाची माहिती वगळून, द्यायला मी माझ्या वरिष्ठांची परवानगी घेतली आहे. मागा, पाठवते.

आपली विश्वासू,
रांजणगाव एमआयडीसीतल्या क्वालिटी विभागातली एक कर्मचारी